आई विसरते, बाबाही विसरतात

आमच्या घरात विसरभोळे म्हणून बाबा प्रसिद्ध आहेत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचा, राजवाड्याजवळ भेटलेल्या जुन्या सहकाऱ्याशी अर्धा तास गप्पा मारून घरी यायचं आणि मग आईला विचारायचं, "अगं, वीज मंडळातला तो उंच माणूस, त्याचं नाव काय?" आई पोळ्या लाटता लाटता नाव सांगायची. वर त्याच्या बायकोचं माहेर कुठलं, हेही सांगायची. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून ते येईल त्याला सांगत होते, "मला आल्झायमर होतोय बहुतेक." आम्ही सगळे हसायचो, पण मनातून त्यांच्यावर लक्ष ठेवून होतो.

आईवर कुणाचंच लक्ष नव्हतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रात्री नऊला इंदूरला फोन करायचा हा माझा नेम. "जेवलास का?" हे आईने तीनदा विचारलं तर त्यात काळजी करण्यासारखं काही नसतं, आया विचारतातच. पण मावशीच्या नातीचं लग्न ठरल्याची बातमी तिने मला सोमवारी सांगितली, बुधवारी पहिल्यांदाच सांगावी तशी सांगितली आणि शुक्रवारी पुन्हा तशीच सांगितली. "आई, सांगितलंस की परवा," म्हटलं तर "हो का? मला वाटलं राहिलं सांगायचं," असं हसून म्हणाली. मी विषय बदलला.

पहिल्यांदा बोलली ती माझी बायको. महालक्ष्म्यांसाठी ती दहा दिवस इंदूरला आईजवळ राहिली होती. परत आल्यावर म्हणाली, "आईंना डॉक्टरांना दाखवायला हवं. त्या विसरत नाहीयेत, त्यांना लागत नाहीये." म्हणजे काय, असं मी जरा रागानेच विचारलं. तेव्हा तिने दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली भिशीची. आमच्या कॉलनीतल्या बारा बायकांची भिशी आई अठरा वर्षं चालवते. दरमहा प्रत्येकीचे दोन हजार, म्हणजे चोवीस हजार रुपये. आजवर एका रुपयाचा घोळ झाला नव्हता. त्या महिन्यात एकीच्या नावापुढे दोनदा बरोबरची खूण होती, दोघींच्या पुढे काहीच नव्हतं, आणि ज्या काकूंनी पैसे दिले होते त्यांच्याकडे आईने पुन्हा मागितले. काकूंनी वाद नको म्हणून पुन्हा दिले. वही समोर असूनही आईला त्यातली चूक दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. आईच्या पाटल्या सापडेनात. अकरा वर्षं घरी काम करणाऱ्या बाईंवर तिने सरळ आळ घेतला. त्या रडत निघून गेल्या. चार दिवसांनी पाटल्या पिठाच्या डब्यात सापडल्या. आईनेच ठेवल्या होत्या. पण "मी ठेवल्या असतील, विसरले" असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "बाईनेच घाबरून परत आणून ठेवल्या."

मला बायकोचा राग आला. सून म्हणून चुका काढतेय, असंही एक क्षण वाटून गेलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो, कारण ही वेळ आली तर तुमच्यापैकी अनेकांना हेच वाटेल. रोज थोडं थोडं बदलणारं माणूस रोज पाहणाऱ्याला बदललेलं दिसत नाही, आणि फोनवर तर नाहीच नाही. फोनवर आई आपल्या लग्नाच्या, आपल्या जन्माच्या गोष्टी तपशिलासकट सांगते, तेव्हा वाटतं हिची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे.

इथेच माझी समजूत चुकत होती. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी ती नीट समजावून दिली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. बाबांचं नाव न आठवणं म्हणजे फाइल डिस्कवर आहे, पण शोधायला वेळ लागतोय. वय वाढलं की हे शोधणं हळू होतं. नाव जिभेवर येऊन अडतं, आंघोळ करताना अचानक आठवतं, किंवा कुणी "अ पासून सुरू होतं" म्हटलं की लगेच येतं. आईचं तसं नव्हतं. तिच्याकडे जुन्या फाइली जागच्या जागी होत्या, पण नवी फाइल सेव्हच होत नव्हती. सोमवारचा फोन तिच्या मेंदूत नोंदलाच गेला नव्हता, मग बुधवारी तो आठवणार कुठून? नवी आठवण पक्की करण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर अवलंबून असतं, आणि आल्झायमरची झीज बहुधा त्याच भागाच्या आसपास सुरू होते. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न आठवतं आणि सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही. "जुनं सगळं लख्ख आठवतं, म्हणजे काही झालेलं नाही," हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा दिलासा होता, आणि तो खोटा होता.

तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. मी फक्त मला येतं ते केलं. आमच्याकडे एखादा प्रोग्राम बिघडला तर "नीट चालत नाही" एवढं लिहून भागत नाही. केव्हा बिघडला, काय करताना बिघडला, आधी काय व्हायचं आणि आता काय होतं, हे लिहावं लागतं. बाबांना सांगून मी दोघांच्याही विसरण्याची वही सुरू केली. बाबांच्याही, कारण नुसत्या आईची वही लिहायला ते तयार झाले नसते. सहा आठवडे आम्ही ती लिहिली. प्रत्येक नोंदीत तारीख, काय झालं, आधी हेच काम ती व्यक्ती कशी करायची, आणि आठवण करून दिल्यावर आठवलं का, एवढंच.

वही भरत गेली तसा आम्हालाच फरक दिसायला लागला. बाबांच्या पानावर अठरा नोंदी झाल्या. किल्ली, छत्री, नावं, स्वयंपाकघरात येऊन "मी कशाला आलो होतो?" जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे "नंतर आठवलं" होतं. आणि कामं सगळी झालेली होती. विजेचं बिल भरलं गेलं, औषधं आणली गेली, बँकेतलं काम झालं. आईच्या पानावर अकराच नोंदी होत्या, पण त्यातल्या नवांपुढे "सांगूनही आठवलं नाही" होतं. शिवाय त्या नोंदी तिच्या हातखंडा कामांबद्दलच्या होत्या. भिशी, सकाळच्या गोळ्या दोनदा घेणं, आणि एकदा पुरण घालताना डाळ शिजवून झाल्यावर पुढे काय करायचं म्हणून कढईजवळ थांबून राहणं. पुरणात गूळ कमी पडणं कुणाच्याही हातून होतं. पण पन्नास वर्षं केलेल्या पदार्थाची पुढची पायरी न सुचणं, हे वेगळं आहे.

म्हणजे किती वेळा विसरलं, हा प्रश्नच नव्हता. बाबा जास्त वेळा विसरत होते. प्रश्न तीन होते. खूण दिली की आठवतं का? आयुष्यभर सहज केलेलं काम अडायला लागलंय का? आणि हे माणूस दोन वर्षांपूर्वी असं होतं का? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण तुलना शेजारच्या आजींशी करायची नसते, त्याच माणसाशी करायची असते. जन्मभर हिशेब न जमलेल्या माणसाचा हिशेब चुकला तर त्यात विशेष नाही. आईचा चुकला, हे विशेष होतं.

अजून एक गोष्ट वहीत नव्हती, पण आता आठवते. स्वतःच्या विसरण्याची तक्रार बाबा सारखी करत होते, आई कधीच नाही. तक्रार करणाऱ्याला काहीच होत नाही असा नियम नाही, त्याचंही ऐकलं पाहिजे. पण ज्याला आपलं विसरणं तपशिलात सांगता येतं, त्याला निदान विसरलेलं लक्षात तरी असतं. घरचे काळजीत आणि माणूस स्वतः निश्चिंत, असं उलटं चित्र दिसलं तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

दिवाळी झाल्यावर आम्ही आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. आईला सांगितलं, दोघांची वार्षिक तपासणी आहे. ते खोटंही नव्हतं. डॉक्टरांनी वही वाचली आणि पहिल्यांदा मागितल्या त्या औषधांच्या पट्ट्या. आई नऊ वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. हे औषध वर्षानुवर्षं घेतलं तर काहींच्या शरीरात बी-१२ कमी होतं, आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरात ते मुळातच कमी असतं. शिवाय ती दोन वर्षांपासून रोज झोपेची गोळी घेत होती. अशा गोळ्या, सर्दीवरच्या काही गोळ्या आणि वारंवार लघवी होण्यावरची काही औषधं म्हाताऱ्या माणसाचा मेंदू आणखी मंद करतात. डॉक्टर म्हणाले, "आधी जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते शोधू." रक्तात बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, किडनी, लिव्हर आणि हिमोग्लोबिन तपासलं. मन उदास आहे का, हेही त्यांनी बराच वेळ बोलून पाहिलं, कारण उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा विसरण्याचं रूप घेऊन येतं.

बी-१२ एकशे चाळीस आलं. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा साधारण दोनशे होती. मला इतका आनंद झाला की मी बायकोला फोन करून सांगितलं, "बघ, नुसतं व्हिटॅमिन कमी होतं!"

डॉक्टरांनी तरीही न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथली तपासणी मी समोर बसून पाहिली. ती तीस गुणांची असते. डॉक्टर हिंदीत विचारत होते. आई हिंदी उत्तम बोलते, पण शिकली मराठी शाळेत आणि आकडे मनातल्या मनात मराठीतच मोजते. मी तसं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, आकडे मराठीत सांगू द्या. शंभरातून सात सात वजा करायचे होते. आई धडाधड म्हणाली, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." एकही चूक नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांनी हे जरूर लक्षात ठेवावं. चाचणी ज्या भाषेत माणूस शिकलं आणि मोजतं त्या भाषेत व्हायला हवी, आणि शिक्षण किती झालंय हेही डॉक्टरांना सांगायला हवं. नाहीतर भाषेचे गुण मेंदूच्या नावावर कापले जातात.

मग पाच शब्द सांगितले. आईने ते लगेच दोनदा बरोबर म्हणून दाखवले. मध्ये घड्याळ काढायला दिलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. गोल छान काढला, आकडे जागेवर बसवले, आणि एक काटा अकरावर व दुसरा दहावर नेला. मिनिटकाटा दोनवर जायला हवा, हे तिला सुचलं नाही. त्यानंतर डॉक्टरांनी ते पाच शब्द विचारले. पाचेक मिनिटं झाली असतील. आईला एक आठवला. "एक फुलाचं नाव होतं," डॉक्टर म्हणाले. आईने मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "सांगा ना हो." ती गेली दीड-दोन वर्षं प्रत्येक प्रश्नाला अशीच बाबांकडे पाहत होती. मला ते प्रेम वाटायचं. प्रेमही होतंच, पण डॉक्टर त्या मान वळवण्याला एक लक्षण मानतात.

बाबांनी हट्ट धरला म्हणून त्यांचीही तपासणी झाली. पाचातले तीन शब्द लगेच आठवले, उरलेले दोन खूण दिल्यावर आले. घड्याळ बरोबर. डॉक्टर त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही कान तपासा." बाबांना ऐकू कमी येतं, आणि जे नीट ऐकलंच नाही ते लक्षात राहील कसं? आता ते श्रवणयंत्र लावतात, आणि अर्धं विसरणं थांबलंय.

आईच्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव किंवा पाणी साचणं यातलं काही नव्हतं. हिप्पोकॅम्पसचा भाग मात्र वयाच्या मानाने आक्रसलेला होता. डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही. बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली आणि झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली (ती एकदम बंद करायची नसते). सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, म्हणाले.

ते सहा महिने मी आशेवर काढले. आईचा दिवसाचा पेंगुळलेपणा गेला, चालणं सुधारलं, तीसपैकी एकोणीस गुण होते ते एकवीस झाले. पण पाच शब्दांपैकी पुन्हा एकच आठवला, आणि भिशीची वही जमली नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ही आल्झायमरची सुरुवात आहे. त्यांनी एक फरक समजावला. चाचणीत गुण कमी पण रोजची कामं स्वतःची स्वतः होतात, अशी एक मधली पायरी असते. तिथे काही जण वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही सुधारतात, काहींचा आजार पुढे सरकतो. रोजची कामं अडू लागली की त्याला डिमेन्शिया म्हणतात. आई ती पायरी ओलांडून गेली होती. गोळी सुरू केली. ती आजार थांबवत नाही, काही काळ लक्षणं सावरून धरते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग लवकर गेल्याचा उपयोग काय, असं एका चुलत भावाने विचारलं. उपयोग असा की बँकेची खाती, नामांकनं, मृत्युपत्र यांवर आईने समजून-उमजून सही केली. पाटल्या कुणाला द्यायच्या तेही तिनेच ठरवलं. भिशी शेजारच्या काकूंनी घेतली, पण सोडत आई काढते. बाबा तिच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरतात आणि "किती वेळा सांगू?" म्हणून चिडणं त्यांनी जवळजवळ सोडलंय. आणि मी कामवाल्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्या परत आल्या. आई आता त्यांना म्हणते, "इतके दिवस कुठे होतीस गं?"

अजून एक सांगायचं राहिलं. आईचा बदल दीड-दोन वर्षांत हळूहळू झाला. पण एखादं म्हातारं माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक भलतंसलतं बोलू लागलं, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर तो डिमेन्शिया समजून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम घसरणं, पक्षाघात, नवं औषध, यांपैकी काहीही असू शकतं, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. आमच्या गल्लीतले एक आजोबा न्हाणीघरात पडले, तेव्हा काहीच झालं नव्हतं. तीन आठवड्यांनी ते गोंधळल्यासारखे वागू लागले. "वय झालं," म्हणत मुलाने दोन दिवस घालवले. मेंदूवर रक्त साचलं होतं. शस्त्रक्रिया झाल्यावर ते पूर्वीसारखे झाले.

"वय झालं" हे वाक्य मीही दीड वर्ष म्हणत होतो. वयामुळे नाव उशिरा आठवतं, किल्ली सापडत नाही. सोमवारी सांगितलेली बातमी खूण देऊनही न आठवणं, आणि अठरा वर्षांचा हिशेब बिघडणं, हे नुसत्या वयाने होत नाही. तुमच्या घरी शंका असेल तर आज एक वही घ्या, महिनाभर नोंदी करा, औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि दोन्ही घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. वहीत फक्त "नंतर आठवलं" असंच निघालं, तर आमच्या बाबांसारखं हसत परत याल.

काल रात्री फोनवर आईने पुन्हा मावशीच्या नातीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. त्या मुलीला आता बाळ आहे. मी विचारलं, "हो का? मुलगा काय करतो?" आणि तिने सगळं सविस्तर सांगितलं.